डाएटनंतर पाळी बंद: बारावीपर्यंत थांबायचं का?

«मुलगी १६ वर्षांची, अकरावीत आहे. उंची १६० सेंमी. गेल्या वर्षी वजन ५४ किलो होतं, डाएट आणि पळणं सुरू केल्यापासून ४३ वर आलंय. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, नियमित होती, पण आता सात महिने आपली आपण आलेली नाही. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. मध्ये तीन महिने गोळ्या दिल्या तेव्हा आली, बंद केल्यावर पुन्हा नाही. कॅल्शियम चालू आहे. पुढे बारावीचं वर्ष, ते झाल्यावर नीट बघू असं ठरवलंय. तेवढं थांबलं तर चालेल ना?»

थांबू नका. पाळी लांबण्यापेक्षा मोठी अडचण हाडांची आहे. बारावी संपायला सव्वा-दीड वर्ष आहे, आणि या वयाच्या मुलीच्या हाडांसाठी हा काळ फार मोठा आहे.

मुलींच्या हाडांत खनिज भरण्याचा वेग साडेबारा-तेराव्या वर्षी सर्वांत जास्त असतो. उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांच्या आसपास मोठेपणीच्या हाडांचा जवळजवळ पाव भाग भरला जातो, आणि अठराव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के भरणी झालेली असते. पुढे विशीत थोडं भरतं, मग ते शिल्लक ठेवायचं आणि चाळिशी-पन्नाशीनंतर त्यातूनच खर्च करायचा. तुमची मुलगी आत्ता या भरणीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. वर्गातल्या इतर मुलींची हाडं या दीड वर्षात भरत जातील. हिची जागेवर राहतील किंवा कमी होतील. तुमच्या मुलीत अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत नेण्याच्या मानसिक आजाराची, शंका घ्यायला हवी. या आजारात पाळी बंद असलेल्या तरुण स्त्रियांत कण्याची आणि खुब्याची घनता वर्षाला सुमारे अडीच टक्क्यांनी घटताना दिसते. किशोरवयात तर दुहेरी नुकसान होतं: आहे ते जातं आणि यायचं ते येत नाही. वजन आणि पाळी नंतर पूर्ववत झाली तरी राहिलेली भरणी प्रत्येकीत पूर्ण होत नाही. म्हणून «नंतर बघू» म्हणताना त्यातलं काही कायमचं हातचं जाऊ शकतं, हे धरून ठरवा.

आता पाळी का थांबली ते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे झटके सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, त्यावर अंडाशय इस्ट्रोजेन हे पाळी आणि हाडं दोन्ही सांभाळणारं संप्रेरक तयार करतो. शरीरात येणारी ऊर्जा कमी पडली की हे झटके विरळ होतात. अंडाशयात बिघाड नसतो, त्याला वरून हुकूमच येत नाही. याला हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात.

ऊर्जा किती कमी पडते याचा अंदाज घरी काढता येतो. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा करायच्या आणि उरलेल्याला चरबी सोडून बाकीच्या वजनाने भागायचं. ४३ किलोच्या मुलीत ते वजन साधारण ३६ किलो धरू. दिवसाला १,१०० कॅलरी खात असेल आणि पळण्यात ३०० जात असतील तर उरल्या ८००. ३६ने भागल्यावर २२ आले. शरीराला सगळी कामं नीट चालवायला साधारण ४५ लागतात. निरोगी तरुण मुलींवर केलेल्या प्रयोगांत हा आकडा ३०च्या खाली नेल्यावर पाचच दिवसांत एलएचचे झटके बिघडलेले दिसले होते. म्हणजे दरवाजा किती लवकर बंद होतो बघा. उघडायला मात्र महिने लागतात. हा हिशेब तुमच्यापुरता ठेवा, तिच्यासमोर कॅलरी मोजू नका. तिच्या डोक्यात आधीच तो पाढा अखंड चालू असतो.

वजन «नॉर्मल» दिसणाऱ्या मुलीतही हेच घडतं, हे जाता जाता सांगून ठेवते. ७२ किलोची मुलगी आठ महिन्यांत ५४वर आली तर घरात कौतुक होतं, पण तिचीही पाळी थांबू शकते आणि नाडीही तेवढीच मंदावू शकते. काट्यावरच्या आकड्यापेक्षा किती आणि किती वेगाने उतरलं ते बघायचं.

पीसीओडीच्या शिक्क्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे गाडी इथेच हमखास चुकीच्या रुळावर जाते. पाळी नाही म्हणून सोनोग्राफी, सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बारीक फुगे, म्हणून पीसीओडी, म्हणून «वजन कमी करा, गोड बंद, भात बंद» आणि कधी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी. उपाशी मुलीला उपवासाचीच चिठ्ठी मिळते. मेटफॉर्मिनने काहींची भूक आणखी कमी होते आणि पोट बिघडतं. मुळात किशोरवयात असे बारीक फुगे अनेक निरोगी मुलींत दिसतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओएस, म्हणजे हेच पीसीओडी, ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या मुलीला पाळी सुरू होऊन तीनच वर्षं झालीत.

दोन्हीतला फरक तिच्या इतिहासातच आहे. पाळी नियमित होती, वजन ११ किलो उतरलं, पाळी थांबली. पीसीओएस असं अचानक, वजन उतरल्यावर उगवत नाही. हनुवटीवर जाड केस, खूप मुरुमं, वाढलेलं टेस्टोस्टेरॉन यातलं काही आहे का ते पाहा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये गर्भाशयाच्या अस्तराची जाडी लिहिलेली असते. इस्ट्रोजेन कमी असेल तर अस्तर पातळ असतं. रक्तात एलएच आणि इस्ट्राडायोल हे मुख्य इस्ट्रोजेन दोन्ही खाली असले तर गोष्ट बहुतेक उलगडते. एएमएच हा अंडाशयातला हार्मोन मात्र या वादात साक्षीदार म्हणून उपयोगाचा नाही, तो दोन्हीकडे वाढलेला असू शकतो.

गोळ्यांनी पाळी «आली», त्याचा अर्थ काय? गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात बाहेरचे हार्मोन असतात. त्यांनी अस्तर वाढतं आणि गोळी थांबली की गळून पडतं. या रक्तस्रावासाठी तिचा मेंदू आणि अंडाशय काहीही करत नाहीत. मग हाडांना तरी या इस्ट्रोजेनचा फायदा व्हायला हवा ना, असं वाटेल. तोंडातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे आयजीएफ-१ या हाड बांधणाऱ्या घटकाचं उत्पादन कमी करतं. उपासमारीत तो आधीच कमी झालेला असतो. म्हणून या गोळ्यांनी अशा मुलींची हाडांची घनता वाढताना दिसलेली नाही. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७च्या सूचनांत केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत असंच सुचवलं आहे. गोळीचा खरा तोटा वेगळाच: दर महिन्याला रक्त दिसतं, सगळे निर्धास्त होतात, आणि मूळ परिस्थिती सुधारते आहे की नाही हे सांगणारी महत्त्वाची घरगुती खूण झाकली जाते. दुसऱ्या कारणासाठी गोळी लागली तर ती गोष्ट निराळी.

कॅल्शियमही असंच. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व म्हणजे विटा. गवंडी कामावर नसताना विटा आणून टाकल्या तर त्या पडून राहतात. बंद करू नका, पण त्याला उपचार समजू नका.

तपासण्या फार नाहीत. गरोदरपणाची चाचणी प्रत्येकीची करतात, त्यात संशय नसतो, हे मुलीला आधी सांगा म्हणजे ती दुखावणार नाही. टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल. सीबीसी, फेरिटिन, सोडियम-पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व. पोट सतत बिघडत असेल तर सीलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याच्या आजाराची, चाचणी. आणि ईसीजी. यातले बरेच रिपोर्ट नॉर्मल येतील. त्यावर «सगळं छान आहे» म्हणून परत फिरू नका. शरीर रक्तातले आकडे शेवटपर्यंत सांभाळतं. टीएसएच नॉर्मल आणि टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक कमी दिसलं तर तीही उपासमारीचीच खूण असते, त्यासाठी थायरॉइडची गोळी द्यायची नसते.

पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद आहे, त्यामुळे हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. कण्याचा आणि डोकं वगळून पूर्ण शरीराचा करायला सांगा. या वयात खुब्याचा आकडा फसवा असतो. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे छापून येतात. टी-स्कोअर तिशीच्या स्त्रीशी तुलना करतो, सोळा वर्षांच्या मुलीला तो लागू नाही. झेड-स्कोअर बघा, तो तिच्याच वयाशी तुलना करतो. उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने घनता कमी. फ्रॅक्चरचा इतिहास नसेल तर एवढ्यावर ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवा: झेड-स्कोअर उणे १ आला म्हणून हाडं सुरक्षित आहेत असं नाही. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या मुलींत घनता फारशी घटलेली नसतानाही फ्रॅक्चर जास्त आढळतात, कारण हाडाची आतली वीण बिघडलेली असते. पळणाऱ्या मुलीची नडगी किंवा पाऊल एकाच ठिकाणी, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक भेगेचा, विचार करावा लागतो. सुरुवातीच्या एक्स-रेत ते बरेचदा दिसत नाही. शिबिरांत टाचेवर मशीन ठेवून करतात ती तपासणी यासाठी उपयोगाची नाही.

पाळी परतायला किती वजन लागेल? तिचा बीएमआय आत्ता १६.८ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सोळा वर्षांच्या मुलीचा मधला बीएमआय सुमारे २०.७ आहे, म्हणजे ती त्याच्या ८१ टक्क्यांवर आहे. पाळी बहुतेकींची ९५ टक्क्यांच्या आसपास परतते. १६० सेंमी उंचीला ते ५० ते ५१ किलो झाले. पण तिची पाळी नियमित होती तेव्हा वजन ५४ होतं, त्यामुळे तिच्या शरीराची पसंती ५१ ते ५४ मध्ये कुठेतरी असावी. वय वाढेल तसा हा आकडाही थोडा वर सरकतो. ४७वर आली की «आता पुरे, चेहरा भरला» असं नातेवाईक म्हणतात, आणि मुलगीही नेमकी तिथेच अडून बसते. पाळी यायच्या थोडं आधी थांबणं ही या आजारातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ झाली तर चार-पाच महिन्यांत ५१ गाठता येईल. जेवणाची मात्रा एकदम दुप्पट करू नका. १,१०० वरून १,४००-१,५००, मग दर दोन-तीन दिवसांनी २०० असं वाढवत न्या. पुढे दिवसाला २,५०० किंवा त्याहून जास्त लागतील, कारण खाणं वाढलं की शरीर जाळणंही वाढवतं. तीन जेवणं, तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर नाही. ताटाचा आकार फार न वाढवता वजन वाढवायचं असेल तर तूप, दूध आणि शेंगदाणे पुरतात. दिवसभरात चार चहाचे चमचे तूप सुमारे १८० कॅलरी. म्हशीचं साय न काढलेलं दूध दोन पेले, सुमारे ५००. शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, १५०. एवढ्यानेच आठशेच्या वर जातं आणि पोळी-भाजी-वरण-भात आहे तेवढंच राहतं. या दोन पेल्यांतून कॅल्शियमही सहाशे मिलिग्रॅमच्या वर मिळतं. या वयाला दिवसाची गरज आयसीएमआरच्या हिशेबाने १,०५० मिलिग्रॅम आहे. उरलेलं दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी यांतून भरून निघतं. सॅलड, ताक, चिया घातलेलं पाणी हे सध्या पोट भरून ऊर्जा न देणारे पदार्थ आहेत, ते बाजूला.

हे ताट कोण वाढणार, हा उपचारातला कळीचा मुद्दा. किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियात सर्वांत चांगला पुरावा कुटुंबाधारित उपचाराचा आहे. त्यात सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, वाढतात, शेजारी बसतात आणि ताट संपेपर्यंत उठत नाहीत. जेवण अर्ध्या-पाऊण तासात, त्यानंतर तासभर ती तुमच्यासोबत, लगेच बाथरूममध्ये नाही. ती म्हणेल, «मी क्लासहून खाऊन आले», «आज संकष्टी आहे». संकष्टी, सोमवार, एकादशी एकाच मुलीला एकाच महिन्यात अचानक आठवू लागले तर ती भक्ती की आवरण, हे उपवासाच्या दिवशी ती साबुदाण्याची खिचडी आणि रताळं खाते का, यावरून कळतं. सध्या उपवास बंद. घरच्यांनी वजन, चेहरा, मांड्या यावर चांगलंही बोलू नये. «आता छान दिसतेस» हे वाक्य तिला «जाड झालीस» असं ऐकू येतं. बालरोग किंवा स्त्रीरोग तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ तिघेही एकमेकांशी बोलणारे असावेत. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारी टेलि-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, तिथून जवळचं केंद्र कळतं.

सुरुवातीचे आठवडे तिच्यासाठी कठीण जातात. पोट फुगतं, गॅस होतो, पाय थोडे सुजतात आणि पहिलं वजन पोटावर दिसतं. ते नंतर महिन्यांनी, वर्षभरात, सगळीकडे वाटलं जातं. हे तिला आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात गाडी थांबते.

काही गोष्टी घरी करायच्या नाहीत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. जागेपणी ५०च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. «रोज पळते म्हणून खेळाडूसारखी नाडी आहे» असं समजू नका, भुकेल्या हृदयाची नाडीही अशीच मंद असते. रक्तदाब ९०/४५ च्या खाली, उभं राहिल्यावर चक्कर किंवा बेशुद्धी, छातीत धडधड, पोटॅशियम किंवा फॉस्फरस कमी, उलट्या काढण्याची शंका, खाणं पूर्ण बंद, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काहीही असेल तर दाखल करावं लागतं. गेले आठ-दहा दिवस ती जवळपास काहीच खात नसेल तरी खाणं रुग्णालयातच सुरू करायचं. अशा शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि पहिल्या आठवड्यात हृदय, श्वास, शुद्ध यावर परिणाम होऊ शकतो. तिथे ते रोज रक्त तपासून भरून काढतात.

वजन गाठल्यावर पाळी लगेच येईलच असं नाही. बहुतेकींची सहा महिन्यांत येते, काहींना वर्ष लागतं. वजन वाढायला लागलं की खुब्याचं हाड सावरायला लागतं, कणा मात्र पाळी परतल्यावर. म्हणून नुसतं वजन किंवा नुसती पाळी बघून चालत नाही. पहिल्या दोन-तीन पाळ्या अनियमित असल्या तरी चालतील.

सहा ते बारा महिने खाण्यावर आणि मनावर नीट काम होऊनही पाळी आली नाही, किंवा डेक्सा खूप खाली असेल, तर त्वचेतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनचा विचार होतो. १०० मायक्रोग्रॅमचा पॅच आठवड्यातून दोनदा आणि जोडीला महिन्यातले दहा दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी, या पद्धतीने अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या मुलींच्या कण्याची आणि खुब्याची घनता वाढलेली दिसली आहे. त्वचेतून गेलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालतं, त्यामुळे आयजीएफ-१ दबत नाही. हा निर्णय एंडोक्रायनॉलॉजिस्टचा. उंची वाढायची शिल्लक असेल तर डोस वेगळा असतो, आणि हे खाण्याच्या जागी नाही, खाण्याच्या जोडीला असतं. हाडांसाठी म्हाताऱ्या माणसांना देतात त्या बिस्फॉस्फोनेट गोळ्या या वयात देत नाहीत. त्या हाडांत वर्षानुवर्षं राहतात आणि पुढे बाळंतपणाचा प्रश्न असतो. तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शनही नको, ते स्वतःच हाडांची घनता कमी करतं.

पळणं सध्या पूर्ण थांबवा. «वजन उचलल्याने हाडं मजबूत होतात» हे खरं आहे, पण इंधन आणि इस्ट्रोजेन असताना. बीएमआय मधल्या आकड्याच्या ९० टक्क्यांच्या वर गेला, नाडी सुधारली आणि आठवड्याची वाढ टिकली की चालणं, मग सूर्यनमस्कार, मग हलकी वजनं. व्यायामाच्या दिवशी त्याचं वेगळं खाणं वाढवायचं. पुन्हा पळायला लागल्यावर एका महिन्याची पाळी चुकली तर लगेच थांबवायचं. पुढचा डेक्सा एक वर्षाने, शक्यतो त्याच मशीनवर करा. दुसऱ्या मशीनच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही.